वाघ सापडला, ट्रक नाही

या, असे पुढे सरकून बसा. कीर्तनाला उशिरा आलेला माणूस दारात चपलांजवळ बसतो आणि अर्धा वेळ चपलाच सांभाळतो, तसं करू नका. तुमच्या चपला कोणी नेत नाही. मी एका माणसाच्या मरणाची गोष्ट सांगणार आहे, आणि तरी मधे मधे तुम्हाला हसू येईल. आलं तर हसा. ज्याची गोष्ट आहे तो रामाजी स्वतः कीर्तनात भलत्याच ठिकाणी हसायचा. महाराज डोळ्यांत पाणी आणून बोलत असायचे आणि हा मागे खुदकन करायचा. पण कीर्तन त्याने एकही चुकवलं नाही.

मी झिंगू. मोहटोल्याच्या भजनमंडळात अठ्ठावीस वर्षं टाळ धरतो. आमचं गाव वडशाकडून जंगलात शिरणाऱ्या डांबरी रस्त्यावर आहे. रस्त्याच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला साग नि मोह. आमचे श्रीहरी महाराज साठीचे. शेती अडीच एकर, आवाज मात्र दहा गावांत पोचलेला. त्यांच्या कीर्तनाची खुबी अशी की देवाचा रथ निघाला की घोड्यांच्या डोळ्यांचा रंगसुद्धा ते सांगतात. पोथीत तो नसतो. महाराजांना दिसतो. लोक म्हणतात, महाराज पाहून आल्यासारखे सांगतात. मीही म्हणत होतो.

चैत्रातली गोष्ट. मोहफुलांचे दिवस. पहाटे उजाडायच्या आत झाडाखाली पोचलं नाही तर फुलं रानडुकरं खातात, म्हणून रामाजी सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधून अंधारातच निघायचा. त्या दिवशी महाराज नि मी त्याच्या मागे पायी होतो, पाव कोसावर असू. मागून एक ट्रक आमच्या अंगावरून वारा घालत गेला. पुढे वळणावर धाड असा आवाज झाला. ट्रकचे मागचे लाल दिवे दोन श्वास थांबले. मग गिअर बदलल्याचा आवाज, आणि दिवे गेले.

आम्ही धावत पोचलो तेव्हा रामाजी रस्त्याखाली उतारावर, पळसाच्या झुडपाजवळ पडला होता. महाराजांनी त्याच्या तोंडात बाटलीतलं पाणी घातलं. ते तोंडातून बाहेर आलं. महाराज तिथेच बसले आणि बराच वेळ त्याचा हात धरून राहिले.

आता इथून आमची अक्कल सुरू होते.

उजाडता उजाडता मोह वेचणारे दहा-बारा जण जमले. कोणी रडत होतं, कोणी सरपंचाला फोन लावत होतं. चैतू नावाचा आमचाच एक मंडळकरी, मृदंगावरचा, नाल्याच्या रेतीत जाऊन आला आणि हळूच म्हणाला, "महाराज, वाघाचे पंजे हायेत तिथी."

"असतील," महाराज म्हणाले. "त्याचा रस्ता हाय तो."

"नाई म्हटलं, हायेत एवढंच सांगून राह्यलो."

तिथल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच हिशेब सुरू झाला, आणि तो आमच्या भागातल्या माणसालाच सुचावा असा आहे. वाघाने माणूस मारला तर वनविभाग घरच्यांना पंचवीस लाख देतो. मागच्या साली शेजारच्या टोल्यावरची बाई तेंदूच्या हंगामात गेली, तिच्या घरच्यांना मिळाले. ट्रकने मारला आणि ट्रक पळाला तर काय मिळतं, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं काहीच मिळत नाही. रामाजीची बायको गिरजाबाई आणि कॉलेजात जाणारी पोरगी दिव्यानी, घरात दोघीच. मी महाराजांकडे पाहिलं. महाराज रामाजीकडे पाहत होते.

"सायकल घरी नेऊन ठेवा," ते म्हणाले.

बस. एवढंच. चैतूने वाकडी झालेली सायकल खांद्यावर टाकली आणि बांधाबांधाने गावात नेली. सायकल गेली तसा ट्रकही गेला.

वनरक्षक लोकेश मोटारसायकलवर आला. नंतर त्याच्या वरचे क्षेत्र सहायक आले, पोलीसही आले. पोलिसांनी त्यांचा पंचनामा केला नि रामाजीला शवविच्छेदनाला न्यायची तयारी लावली. लोकेशने त्याचा वेगळा पंचनामा लिहायला घेतला. "महाराज, काय पाहिलं?"

महाराजांनी सांगितलं. काय सांगितलं म्हणता? वाघाने झुडपातून झेप कशी घेतली, मान कशी धरली, उतारावरून ओढत कसं नेलं, आमचा आवाज ऐकून कसा सोडला, जाताना एकदा मागे वळून कसं पाहिलं. वाघाच्या डोळ्यांचा रंगही सांगितला. मी शेजारी उभा होतो आणि देवाशपथ सांगतो, एक क्षण मलाही तो वाघ दिसला. लोकेशचा हात लिहून लिहून दुखला असेल. पाच पंचांनी सह्या केल्या. पहिली महाराजांची, तिसरी माझी. पापाने नाही केल्या. मायेने केल्या. हे मी सुटका म्हणून सांगत नाही, जसं झालं तसं सांगतो.

गिरजाबाईला आम्ही वाघच सांगितला. ती म्हणाली, "त्यानं कधी वाघाले नाव नाई ठेवलं. मंग काऊन?" का म्हणून तिनं विचारलं, आणि आम्ही पुढच्या तयारीला उठलो.

त्यानंतर जे झालं ते ऐका. दुसऱ्या दिवशी जंगलात बारा कॅमेरे लागले. झाडाच्या बुंध्याला एक या बाजूला, एक त्या बाजूला. रेतीतल्या पंजांवर काच ठेवून कागदावर आकार काढला. अंगावरच्या जखमांचे नमुने तपासणीला गेले. तीन पथकं तीन दिवस फिरली. गावात दवंडी, की एकट्याने जंगलात जाऊ नये. एका जनावरासाठी एवढी विचारपूस मी जन्मात पाहिली नव्हती. आणि आमच्या रस्त्यावरून या सगळ्या दिवसांत ट्रक जात होते, येत होते. त्यांना कोणी थांबवत नव्हतं, कारण आम्हीच थांबवायला सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी लोकेश एकटाच आला. महाराजांच्या पडवीत बसला, पाणी प्यायला, मोबाइल काढला.

"महाराज, हे पाहा. रेतीतले पंजे याचेच हायेत, पण दोन दिवसांचे जुने. हा त्या पहाटे नदीपल्याड होता. चार वाजून बावन्न मिनिटं. फोटोवर तारीख हाय, टाइम हाय. इथून नऊ किलोमीटर."

महाराजांनी चष्मा लावून वाघ पाहिला. वाघ पाणी पीत होता.

"दुसरा असंल," ते म्हणाले.

"या पट्ट्यात दुसरा नाई जी. प्रत्येकाची नोंद हाय. आणि डॉक्टरनं लिहून देल्लं, अंगावर दात नाई, नख नाई. बरगड्या चुरल्या. पाठीवर टायरचा वळ हाय." लोकेशने मोबाइल खिशात टाकला. "मी लहानपणापासून तुमचं कीर्तन ऐकतो, म्हणून घरी येऊन सांगतो. आमचा वाघ सुटला."

तर असं झालं. ज्याने काही केलं नव्हतं त्याचा पत्ता, फोटो, वेळ, सगळं पाच दिवसांत मिळालं. ज्याने केलं त्याच्या पुढे-मागे नंबरची पाटी असते, कायद्याने असावीच लागते, आणि त्याचं काहीच मिळालं नाही.

वनविभागाने प्रकरण बंद केलं. पोलिसांनी मात्र शवविच्छेदनाचा अहवाल आल्याबरोबर अनोळखी वाहनाविरुद्ध गुन्हा दाखल केला. सुनिल जमादार गावात आले आणि पहिला प्रश्न केला, "माणूस मोहावर जाऊन राह्यला होता, तर सायकल कुठी हाय?" सायकल चैतूच्या गोठ्यातून निघाली. मागचं चाक पोळीसारखं दुमडलेलं, आणि मडगार्डला निळ्या रंगाचा ओरखडा. जमादारांनी ती जप्त केली आणि आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही जमिनीकडे पाहिलं. "तुमी दोघं मागंच होते ना? ट्रक-बिक काई दिसला का?" महाराज म्हणाले, "ध्यानात नाई." मी म्हणालो, "माह्याही नाई." लोकेशच्या कागदावर आमच्या सह्या होत्या, त्याची भीती.

जमादारांनी पेट्रोलपंपाचं फुटेज आणलं, पुढच्या नाक्याचं आणलं. त्या पहाटे तासाभरात एकतीस ट्रक गेले होते. निळे सात. सातांपैकी चौघांच्या मालकांना बोलावलं, गाड्या पाहिल्या, काही निघालं नाही. तिघांचे नंबर चिखलाने भरलेले. सात दिवस उशीर झाला नसता तर काय निघालं असतं, हे जमादार बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

महिना झाला आणि पोलीस स्टेशनचं एक पत्र आलं. दिव्यानीने ते आईला वाचून दाखवलं आणि मग मला बोलावलं, कारण कागदपत्राला गावात मी बरा समजला जातो. पत्रात लिहिलं होतं की अपघात करून पळालेल्या वाहनाचा शोध लागलेला नाही. अशा अपघातांतल्या मृताच्या वारसांसाठी सरकारची भरपाईची योजना आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पोलिसांनी आपला अहवाल तिकडे पाठवला आहे.

"म्हणजे काय, काका?" दिव्यानी म्हणाली. "ट्रक सापडला नाही म्हणून पैसे?"

"तसंच दिसते."

गिरजाबाई चुलीपुढे होती. तिथूनच म्हणाली, "कोणता ट्रक?"

मी पत्राची घडी घातली. दिव्यानीला पोलिसांकडून कळलं होतं. आईला सांगायचं धाडस तिने केलं नव्हतं, आणि ते तिचं काम नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला गेलो. गिरजाबाई, दिव्यानी, महाराज आणि मी. ट्रक हा शब्द तिने एकदाच विचारला होता आणि आम्ही "कागदात तसं लिहितात" असं म्हणून वेळ मारून नेली होती.

एसडीओ साहेबांच्या कार्यालयात नूतन मॅडम हे टेबल पाहतात. चष्मा कपाळावर, पेन केसात. त्यांनी अर्जाचा नमुना दिला, आधार मागितलं, पासबुकाची झेरॉक्स मागितली. "शवविच्छेदनाचा अहवाल पोलिसांकडून आलेला आहे, तो तुम्ही आणू नका. साहेब चौकशी करून महिन्याभरात अहवाल कलेक्टर साहेबांकडे पाठवतील. तिथून मंजुरी झाली की मुंबईला विमा कंपन्यांची परिषद आहे, ती थेट खात्यात जमा करते. मृत्यू असेल तर दोन लाख. नुसतं गंभीर जखमी असतं तर पन्नास हजार. मधल्या कोणाला एक रुपया द्यायचा नाही. द्यायला सांगितलं कोणी, तर माझ्याकडे या."

"दोन?" चैतूने गावातून माझ्या मोबाइलवर फोन लावून ठेवला होता, तिथून त्याचा आवाज आला. मी फोन बंद केला.

"आणि या हमीपत्रावर सही," मॅडम म्हणाल्या. "पुढे ट्रक सापडला आणि मोटार अपघात कोर्टात त्याच्याकडून भरपाई मिळाली, तर हे दोन लाख परत करीन."

गिरजाबाईने कागदाकडे पाहिलं. "म्हणजे मी लिहून देऊ का, ट्रक सापडू नये?"

"नाही बाई. सापडला तर चांगलंच आहे. तिथे याच्यापेक्षा जास्त मिळू शकते. फक्त एकाच मरणाचे दोनदा घ्यायचे नाहीत."

"पण ट्रक कुठून आला? त्याले तर वाघानं मारलं."

मॅडमचं पेन केसातून हातात आलं. त्यांनी फाइल उघडली, आणि मला वरूनच दिसलं, पोलिसांच्या कागदांच्या मागे वनविभागाच्या पंचनाम्याची प्रत. वाघाच्या डोळ्यांच्या रंगासकट.

"हे साहेब विचारणारच," त्या म्हणाल्या. "डॉक्टर लिहितात चाकाखाली. पाच पंच लिहितात वाघानं ओढून नेलं. माणूस एकदाच मरतो ना? मोटारीने मेला अशी साहेबांची खात्री झाली तरच अहवाल जाईल. पंधरा तारखेला पंचांना घेऊन या. निदान पहिल्या सहीवाल्याला."

महाराज बाहेर जाऊन वडाच्या पारावर बसले.

"महाराज," मी म्हटलं, "जाऊ का मी तिच्यापाशी?"

"नाई. तू टाळकरी. मी बोलतो."

गिरजाबाई नळावर पाणी पिऊन येत होती. महाराज तिच्यापुढे उभे राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना लोकांपुढे घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. या वेळी कुठल्याही रंगाशिवाय सांगितलं. ट्रक, आवाज, लाल दिवे, सायकल, लोकेश, सही. "तुमच्यासाठी केलं बाई. पंचवीस मिळतील म्हटलं."

गिरजाबाईने पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "भाऊ, दीड महिना मी रोज सकाळी उठून त्या वाघाले शिव्या देऊन राह्यली. देवापाशी बसून शिव्या देल्ल्या. ते कोण मागे घेईन?"

दिव्यानीला अचानक हसू फुटलं, बापासारखंच भलत्या ठिकाणी, आणि मग ती रडायला लागली. गिरजाबाईने तिला जवळ घेतलं. "आणि तो ट्रकवाला थांबला होता म्हणता?"

"दोन श्वास."

"म्हणजे त्याले माहीत हाय," ती म्हणाली. "मले एवढंच पायजे होतं. कोणाले तरी माहीत हाय."

पंधरा तारीख आली. मधल्या दिवसांत महाराजांनी तीन कीर्तनं रद्द केली. घसा बसला म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. ते घरी बसून साहेबांपुढे काय बोलायचं त्याची तयारी करत होते, आणि माझ्यापुढे म्हणून दाखवत होते. पहिल्या दिवशी ट्रक निळा होता. दुसऱ्या दिवशी त्याला पिवळा पट्टा आला. तिसऱ्या दिवशी मागे ताडपत्री फडफडू लागली आणि नंबरातले दोन आकडे दिसू लागले.

"महाराज, आकडे कुठून आले?"

"आठवून राह्यलो मी झिंगू. त्या बाईसाठी आठवून राह्यलो. नंबर मिळाला तर ट्रक सापडंल, ट्रक सापडला तर जास्त मिळंल. मॅडम बोलल्या ना?"

"तुमी तर वळणापासून पाव कोस मागे होते. अंधार होता."

"मन लावलं की दिसते."

टाळकऱ्याने कीर्तनकाराला मधे थांबवायचं नसतं, अशी आमची रीत. ती रीत मी त्या दिवशी पाळली, आणि पाळायला नको होती असं रात्रभर वाटत राहिलं.

एसडीओ साहेब वयाने चाळिशीच्या आत असावेत. महाराजांना खुर्ची दिली. नूतन मॅडम लिहायला बसल्या. गिरजाबाई नि दिव्यानी भिंतीशी.

साहेबांनी पंचनामा पुढे केला. "ही सही तुमची?"

"हो जी."

"वाघ पाहिला होता?"

"नाई."

"मग?"

"वाघाचे जास्त मिळतात म्हणून सांगितलं. सायकल मीच घरी पाठवली. बाईले यातलं काई माहीत नव्हतं. बाकीच्या चौघांनी माझ्या तोंडाकडे पाहून सह्या केल्या."

मॅडमनी लिहिलं. साहेब म्हणाले, "हे चुकीचं केलं. वनविभागाने याबद्दल तुम्हाला विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, त्यांची चार पथकं तुम्ही रानात फिरवली."

"तीन," महाराज म्हणाले.

"तीन. पण माझ्यापुढचा प्रश्न तेवढा मोठा नाही. मला दोनच गोष्टी पाहायच्या आहेत. रामाजी मोटारीच्या धडकेने वारले का, आणि प्रयत्न करूनही ती मोटार कोणती ते कळलं नाही का. दुसरी गोष्ट पोलीस सांगतात. पहिली डॉक्टर सांगतात, पण तुमचा हा कागद आड येतो. आता सांगा, त्या पहाटे तुम्ही काय पाहिलं?"

महाराज सरळ बसले. मी ओळखलं. कीर्तनाला उभं राहताना ते असेच खांदे मागे घेतात. मान थोडी वर गेली, डोळे अर्धे मिटले, आणि मला समोर ताडपत्री फडफडताना दिसली.

"एक ट्रक," ते म्हणाले, "आमच्या मागून आला. निळ्या..."

आणि थांबले.

मॅडमचं पेन थांबलं. साहेब वाट पाहत होते. भिंतीशी गिरजाबाई त्यांच्याकडे पाहत होती, रागाने नाही, नुसती ऐकत होती. कीर्तनात ती अशीच ऐकायची, सगळं खरं मानून.

"निळा होता का?" साहेबांनी विचारलं. "नंबर दिसला असेल तर सांगा. आज दिसला म्हणाल तर मला पोलिसांना कळवावं लागेल, ते पुन्हा तपास करतील. खरा असेल तर फारच उत्तम. हे प्रकरण तोवर थांबेल, तरी चालेल. पण पाहिलं असेल तेवढंच."

महाराजांच्या कपाळावर घाम होता. "निळा होता ते मले जमादारानं सायकलीवरचा रंग दाखवला तवा समजलं," ते म्हणाले. "मी रंग नाई पाहिला. ताडपत्री नाई पाहिली. नंबर नाई पाहिला. ट्रक आला, आमच्या बाजूनं गेला. वळणावर आवाज झाला. मागचे दिवे थोडे थांबले, मग गेले. आम्ही धावलो तं रामाजी पडून होता. एवढंच पाहिलं साहेब." आणि थोड्या वेळाने, "त्याले पाणी पाजलं. ते त्यानं नाई घेतलं."

मॅडमनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. सहा ओळी झाल्या. महाराजांनी खाली सही केली आणि ओळींकडे असं पाहत राहिले, जसं आपलं शेत अर्ध्याच एकराचं आहे हे पहिल्यांदा मोजून कळावं. माझा जबाबही झाला. तो पाच ओळींचा.

बाहेर आल्यावर वडाच्या पारावर आमची वाट पाहत बसलेला चैतू म्हणाला, "महाराज, एवढं लहान कीर्तन?"

"आत्तापर्यंतचं सगळ्यात अवघड होतं," महाराज म्हणाले, आणि उसाचा रस पाजला सगळ्यांना.

अहवाल कलेक्टर कचेरीत गेला, मंजुरी झाली. श्रावण लागायच्या आधी, रोवणी सुरू असताना, गिरजाबाईच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. ती बांधीत होती, हात चिखलाने भरलेले. दिव्यानीने वाचून दाखवलं. गिरजाबाई म्हणाली, "आला का," आणि रोपांची पुढची पेंढी सोडली. संध्याकाळी मात्र नदीकाठी जाऊन हात जोडून आली. कोणाला, ते तिने सांगितलं नाही. आम्ही समजलो, त्या वाघाचं तिच्याकडे काहीतरी उधार राहिलं होतं.

वनविभागाने महाराजांना बोलावलं, समज दिली, लेखी घेतलं. लोकेशने स्वतः चहा पाजला. त्यानंतरच्या पहिल्या कीर्तनात महाराजांनी सुरुवातीलाच सगळं सांगून टाकलं. लोक ऐकत राहिले, आणि शेवटी एका म्हातारीने विचारलं, "पण महाराज, वाघाचे डोळे कोणत्या रंगाचे होते ते नाई सांगितलं." आता ते रथ हाकतात तेव्हा घोडे बिनरंगाचे असतात. कीर्तन थोडं लहान होतं. मला आवडतं. सगळ्यांना नाही आवडत.

गिरजाबाई दर बाजाराच्या दिवशी पोलीस स्टेशनला जाते. सुनिल जमादार तिला पाहून खुर्ची पुढे ओढतात.

"लागला का पत्ता?"

"नाई लागला बाई. गुन्हा खरा, आरोपी अज्ञात, असा अहवाल कोर्टात जाईन आता. पण कधी काई मिळालं तर परत उघडता येते." एकदा ते गमतीने म्हणाले, "लागला तं पैसे वापस करा लागतील हो."

"करीन," ती म्हणाली. "तुमी शोधा."

एवढीच गोष्ट. पण एक सांगायचं राहिलं. आमच्या वळणावर आता चहाची टपरी झाली आहे, आणि जंगल पाहायला येणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. टपरीवाला बाहेरगावचा आहे. तो पाहुण्यांना अजून सांगतो की इथेच वाघाने एकाला झाडीत ओढून नेलं, जाताना मागे वळून पाहिलं. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो, ते दोन चहा जास्त घेतात. आम्ही सांगून थकलो. सहा ओळींची गोष्ट चहाबरोबर खपत नाही.

तुम्ही कधी तिकडून गेलात आणि त्याने ती गोष्ट लावली, तर वाद घालू नका. चहा प्या. फक्त मनात एकदा रामाजीचं नाव घ्या. रामाजी, मोहटोल्याचा, पहाटे मोह वेचायला निघालेला, एका ट्रकखाली गेलेला. ज्या ट्रकवाल्याला ते माहीत आहे त्याला ते कधी आठवतं की नाही, आपल्याला ठाऊक नाही. आपण आठवू.